फोनला अक्षर लागते का?

एखाद्याचे हस्ताक्षर आपल्याला वाचता आले नाही तर आपण म्हणतो, 'याचे अक्षर लागत नाही.' अलीकडे हाच प्रश्न फोनच्या बाबतीत विचारला जाऊ लागला आहे. कागदाचे छायाचित्र घेऊन त्यावरचा हस्तलिखित मजकूर टाईप केलेल्या स्वरूपात देणारी अनेक अ‍ॅप आज उपलब्ध आहेत. इंग्रजी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने आम्हाला विचारले, "मुलांचे निबंध या अ‍ॅपने वाचून घेतले तर चालेल का? जाहिरातीत तर पंच्याण्णव टक्के अचूक म्हटले आहे. पण सुट्या अक्षरांत लिहिणाऱ्या मुलीचे पान बरोबर येते आणि कर्सिव्हमध्ये लिहिणाऱ्या मुलाचे पान भलतेच येते." त्यांचा प्रश्न रास्त आहे. मुलाला कमी गुण मिळाले तर तो त्याच्या इंग्रजीचा दोष की वाचणाऱ्या यंत्राचा, हे कळले पाहिजे.

सरळ उत्तर असे, की सुटी, छापील वळणाची अक्षरे अ‍ॅप जितक्या खात्रीने वाचते तितक्या खात्रीने जोडून लिहिलेले कर्सिव्ह वाचत नाही. परंतु आमच्या मते या फरकापेक्षा दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सुट्या अक्षरांत झालेली चूक बहुधा डोळ्यांना दिसते. कर्सिव्हमध्ये झालेली चूक पुष्कळदा शुद्ध शब्दाचा वेष घेऊन येते आणि दिसतच नाही. 'पंच्याण्णव टक्के अचूक' या दाव्यात नेमकी हीच गोष्ट झाकली जाते. असे का होते, ते क्रमाने पाहू.

पंधरा दांड्या, दोन टिंबे

एक प्रयोग करा. कर्सिव्ह वळणात minimum हा शब्द लिहा. आता i वरची दोन्ही टिंबे बोटाने झाका आणि शब्दातल्या फक्त उभ्या दांड्या मोजा. m च्या तीन, i ची एक, n च्या दोन, पुन्हा i ची एक, m च्या तीन, u च्या दोन आणि शेवटच्या m च्या तीन, अशा एकूण पंधरा दांड्या भरतील. थोडे घाईने लिहिले तर या सर्व दांड्या जवळजवळ सारख्याच दिसतात. एक दांडी कोठे संपली आणि पुढचे अक्षर कोठे सुरू झाले, हे सांगणारी कोणतीही खूण कागदावर नसते.

आता या पंधरा दांड्यांचे एक, दोन किंवा तीन दांड्यांचे गट करून अक्षरे पाडायची आहेत. किती प्रकारे पाडता येतील? हे गणित नववी-दहावीचे विद्यार्थीही करू शकतील. एका दांडीचे गट एकाच प्रकारे पडतात, दोन दांड्यांचे दोन प्रकारे, तीन दांड्यांचे चार प्रकारे. त्यापुढे प्रत्येक संख्या ही आधीच्या तीन संख्यांची बेरीज असते : ७, १३, २४, ४४... कारण शेवटचा गट एका, दोन किंवा तीन दांड्यांचा असणार. असे करत पंधराव्या पायरीवर पोचलो की उत्तर येते ५७६८. दोन दांड्यांचा गट n आहे की u हा प्रश्न यात धरलेलाच नाही. म्हणजे एका सात अक्षरी शब्दाचे, नुसत्या दांड्यांवरून, हजारो पाठ संभवतात. त्यांतून योग्य पाठ निवडायला मदत करतात ती दोन टिंबे. मध्ययुगातील युरोपी लेखनिकांनी i वर खूण करण्यास सुरुवात केली ती याच अडचणीपोटी. शेजारच्या m, n, u यांच्या दांड्यांत एकट्या i ची दांडी हरवू नये, हा त्यामागचा हेतू. पण घाईत लिहिणारे मूल टिंब पुष्कळदा एक-दोन दांड्या पुढे सरकवून देते.

हाच शब्द सुट्या मोठ्या अक्षरांत, MINIMUM असा, लिहिला तर काय होते? दोन अक्षरांमध्ये कोरा कागद राहतो. यंत्राला सात वेगळे तुकडे मिळतात आणि प्रत्येक तुकडा सव्वीसपैकी कोणता, एवढेच ठरवायचे उरते. बँकेच्या अर्जावर किंवा परीक्षेच्या आवेदनपत्रावर 'एका चौकटीत एकच अक्षर लिहा' अशी सूचना असते ती एवढ्यासाठीच. अक्षरे कोठे तोडायची हे अवघड काम तेथे लिहिणाऱ्याकडून करून घेतलेले असते.

सेअर यांचा पेच

ही अडचण १९७३ साली केनेथ सेअर यांनी नेमक्या शब्दांत मांडली. सेअर हे अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि हस्ताक्षर वाचणाऱ्या यंत्रावर काम करत होते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : जोडून लिहिलेल्या शब्दातले अक्षर ओळखायचे तर ते आधी शेजाऱ्यांपासून तोडावे लागते, पण ते बरोबर तोडायचे तर ते कोणते अक्षर आहे हे आधी ओळखावे लागते. एकाशिवाय दुसरे होत नाही. आजही या पेचाला सेअर यांचेच नाव आहे.

येथे देवनागरीशी तुलना करून पाहण्यासारखी आहे. बाळबोध लिपीतही अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात, मग तेथे हा पेच का येत नाही? कारण जोडणारी रेघ कोठे असणार हे आधीच ठाऊक असते. ती वरच्या बाजूला, आडवी आणि जवळजवळ सरळ असते. ओळीच्या छायाचित्रात सर्वांत जास्त शाई असलेला आडवा पट्टा शोधायचा आणि तो पुसायचा, की बरीचशी अक्षरे आपोआप सुटी होतात. जोडाक्षरे आणि मात्रा यांची अडचण राहते, पण ती निराळी. इंग्रजी कर्सिव्हमध्ये मात्र जोडणारी रेघ अक्षराच्या अंगातूनच निघते व पुढच्या अक्षराच्या अंगात विरून जाते. ती पुसावी तर अक्षरही पुसले जाते.

कर्सिव्हच्या अधिक जवळ जाते ती आपली मोडी. तेथे आधी पूर्ण ओळीची रेघ ओढून तिच्याखाली हात शक्य तो न उचलता लिहीत जायची पद्धत होती; शब्दांमध्येही मोकळी जागा सोडलेली नसे. मोडी वाचणारा माणूस अक्षर सुटे करून वाचत नाही. पत्राचा मायना, सालाचा उल्लेख, गावांची नावे यांच्या आधाराने तो आधी अंदाज बांधतो आणि मग तो अक्षरांवर पडताळून पाहतो. हे लक्षात ठेवावे, कारण फोनमधले अ‍ॅपही आज जवळजवळ तेच करते.

शेजाऱ्याप्रमाणे बदलणारे अक्षर

तोडण्याच्या अडचणीत आणखी एक भर पडते. सुट्या लेखनातले r हे अक्षर शब्दात कोठेही आले तरी साधारण तसेच दिसते. कर्सिव्हमध्ये ते आधीच्या अक्षरावर अवलंबून असते. a नंतरचे r तळाच्या रेघेवरून वर चढत येते. परंतु b, o, v, w ही अक्षरे वरच्या बाजूला संपतात. त्यांच्यानंतरचे r वरूनच सुरू होते, त्याचा चढ नाहीसा होतो आणि उरते ती एक लहानशी लाट. म्हणून car मधले r आणि for मधले r ही यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळी चित्रे आहेत. एका अक्षराची अनेक रूपे शिकायची तर प्रत्येक रूपाचे पुरेसे नमुने लागतात.

आणि नमुन्यांची स्थितीही सारखी नाही. यंत्रांची तपासणी ज्यावर केली जाते त्या प्रसिद्ध संग्रहांपैकी एक, १९९८ चा एमनिस्ट, हा ७०,००० सुट्या अंकांचा आहे. प्रत्येक अंक वेगळा कापून, मधोमध बसवून ठेवलेला. त्यावर आजची यंत्रे ९९ टक्क्यांहून अधिक अंक बरोबर ओळखतात. मात्र तो आकडा सांगून कर्सिव्हविषयी काहीच सिद्ध होत नाही, कारण तोडण्याचे सगळे काम तेथे आधीच माणसांनी उरकलेले आहे. सलग इंग्रजी लेखनाचा आयएएम हा संग्रह स्वित्झर्लंडमधील बर्न येथे तयार झाला. त्यात ६५७ जणांचे हस्ताक्षर आहे. आपल्या शाळांतून चार रेघी वहीवर गिरवून घेतले जाते ते वळण आणि तिकडचे वळण एकच असेल असे धरून चालता येत नाही. म्हणून कोणताही आकडा ऐकला की पहिला प्रश्न विचारावा : हा आकडा कोणत्या लेखनावर काढला आहे?

आजचे अ‍ॅप काय करते?

जुन्या काळी यावर एक व्यावहारिक तोड निघाली होती. १९९३ मध्ये अ‍ॅपल कंपनीने न्यूटन मेसेजपॅड हे लेखणीने लिहिण्याचे यंत्र आणले. त्यात जोडून लिहिण्याची मुभा होती आणि त्याच्या चुकीच्या वाचनाची भरपूर थट्टा झाली. १९९६ च्या पाम पायलट या यंत्रात ग्राफिटी नावाची पद्धत होती. तिच्यात प्रत्येक अक्षर सुटे आणि बहुतेक वेळा एकाच फटकाऱ्यात काढावे लागे. ती लोकांना जमली. म्हणजे यंत्राने माणसाचे वळण शिकण्याऐवजी माणसाने यंत्रासाठी अक्षरे सोडवून दिली.

सेअर यांच्या पेचातून खरी वाट निघाली ती २००६ च्या सुमारास. अ‍ॅलेक्स ग्रेव्हज व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. तिच्यात शब्द तोडायचाच नाही. ओळीच्या चित्रावरून डावीकडून उजवीकडे एक अरुंद खिडकी सरकत जाते. प्रत्येक जागी यंत्र सांगते, की येथे m असण्याची शक्यता इतकी, n ची इतकी आणि 'येथे सांगण्यासारखे काही नाही' याची इतकी. हे सांगताना ते डावीउजवीकडच्या मजकुराचाही विचार करते. मग लागोपाठ आलेली तीच अक्षरे एकत्र करून आणि रिकाम्या जागा वगळून शब्द तयार होतो. या पद्धतीच्या यंत्राने २००९ मधल्या हस्ताक्षर वाचनाच्या स्पर्धा जिंकल्या. त्यांत नेहमीच जोडून लिहिली जाणारी अरबी लिपीही होती. तेव्हा जोडून लिहिलेले यंत्राला वाचताच येत नाही, असे म्हणणे आज चूक ठरेल.

पण दांड्यांचा संशय या पद्धतीने नाहीसा होत नाही, तो फक्त शक्यतांच्या रूपात पुढे ढकलला जातो. शेवटचा निवाडा पुष्कळदा भाषेच्या ज्ञानावर होतो. दोन पाठ जवळजवळ सारखेच संभवत असतील तर जो इंग्रजीत अधिक आढळतो तो निवडला जातो. सुट्या अक्षरांत चित्र स्वतःच स्पष्ट असते, म्हणून भाषेला फारसे बोलावे लागत नाही. कर्सिव्हमध्ये चित्र गप्प बसते आणि भाषा बोलू लागते. आमच्या मते हाच सर्वांत मोठा फरक आहे.

लपणारी चूक

एक वाक्य घेऊ : The modern teacher makes a clear plan. कर्सिव्हमध्ये r आणि n एकमेकांना चिकटले की m दिसतो आणि c ला l चिकटला की d दिसतो. समजा, अ‍ॅपने ते असे वाचले : The modem teacher makes a dear plan. आता चुका मोजा. modern चा modem होताना दोन अक्षरांचा फरक पडला (एक बदलले, एक गळाले). Clear चा dear होतानाही दोनच. मूळ वाक्यात ३१ अक्षरे आहेत. ३१ पैकी ४ चुका म्हणजे अक्षरांच्या हिशेबाने सुमारे ८७ टक्के अचूकता. शब्दांच्या हिशेबाने पाहिले तर ७ पैकी ५ शब्द बरोबर, म्हणजे सुमारे ७१ टक्के. वाचन तेच, आकडे दोन. जाहिरातीला कोणता आवडेल हे सांगायला नको.

अक्षरांचा मोठा आकडा कसा फसवतो ते दुसऱ्या तऱ्हेनेही पाहता येते. प्रत्येक अक्षर ९५ टक्के वेळा बरोबर येते आणि चुका स्वतंत्रपणे होतात असे क्षणभर मानू. मग पाच अक्षरी शब्द पूर्ण बरोबर येण्याची शक्यता ०.९५ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.७७. अशा शंभर शब्दांच्या पानावर तेवीस शब्द चुकणार! अचूकता ९९ टक्के धरली तर पाचच चुकतील. प्रत्यक्षात कर्सिव्हमधल्या चुका विखुरलेल्या नसतात, त्या जोडीने येतात, हे वर दिसलेच. त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. परंतु ९५ आणि ९९ यांतला फरक 'चार टक्क्यांचा' नाही, हे त्यावरून कळते.

याहून गंभीर गोष्ट अशी, की modem आणि dear हे दोन्ही खरे शब्द आहेत. शुद्धलेखन तपासणारी प्रणाली त्यांच्याखाली लाल रेघ ओढणार नाही. सुट्या अक्षरांत नेहमीची चूक म्हणजे O च्या जागी शून्य किंवा S च्या जागी पाच. M0DERN असे आले तर ते चटकन खटकते. कर्सिव्हची चूक तशी खटकत नाही. एखादा अर्थपूर्ण शब्द तिच्या जागी बसलेला असतो.

आणि ही गोष्ट उलट दिशेनेही घडते. मुलाने receive हा शब्द चुकून recieve असा लिहिला. अक्षर अस्पष्ट असेल तर भाषेवर विसंबणारे अ‍ॅप तो receive असा शुद्ध करून देऊ शकते. शिक्षिकेला वाटेल, मुलाला स्पेलिंग येते. म्हणजे एका मुलाची चूक पुसली जाते आणि दुसऱ्याने बरोबर लिहिलेला modern चूक ठरतो. यांपैकी कशाचाही त्यांच्या इंग्रजीशी संबंध नाही. नावांच्या बाबतीत तर भाषेचा आधारच कमी पडतो. Yamini या नावात m, i, n, i मिळून सलग सात दांड्या येतात आणि इंग्रजी मजकुरावर वाढलेल्या अ‍ॅपने हे नाव फार कमी वेळा पाहिलेले असते. अंकांना तर शब्दकोश नसतोच. ४७ आणि ४१ दोन्ही गुण तितकेच संभवनीय आहेत.

शाळेत करून पाहण्याजोगी परीक्षा

आपल्या हातातले अ‍ॅप किती वाचते आणि किती अंदाज करते, हे वर्गातच तपासता येते. चाळीस शब्दांची यादी करा. वीस शब्द नेहमीचे असू द्या. दहा शब्द दांड्यांनी भरलेले घ्या : minimum, aluminium, community, union यांसारखे. उरलेले दहा निरर्थक, पण उच्चारता येण्याजोगे घ्या : nimun, clurn, vumin असे. चारपाच मुलांना ही यादी एकदा सुट्या अक्षरांत आणि एकदा कर्सिव्हमध्ये लिहायला सांगा. कागद, पेन आणि उजेड तोच ठेवा. छायाचित्र वरून सरळ घ्या, नाहीतर सावलीचा दोष वळणाच्या माथी बसेल.

मग चुकलेले शब्द मोजा, अक्षरे नव्हे. चुकलेल्या शब्दांचे दोन भाग करा : ज्यांच्या जागी खरा शब्द आला ते, आणि ज्यांच्या जागी काहीतरी निरर्थक आले ते. शेवटी नेहमीच्या शब्दांतल्या आणि निरर्थक शब्दांतल्या चुकांची तुलना करा. हे अंतर सुट्या अक्षरांत थोडे आणि कर्सिव्हमध्ये बरेच मोठे आले, तर अ‍ॅप कर्सिव्ह वाचत नसून ओळखीच्या शब्दांचा अंदाज करत आहे, असे समजावे. clurn च्या जागी churn आले तर पुरावा हाती आलाच. एका मुलाचे ठसठशीत, गिरवलेले कर्सिव्ह दुसऱ्याच्या घाईच्या सुट्या अक्षरांपेक्षा चांगले वाचले गेले, असेही आढळू शकेल. त्यात नवल नाही. तोडण्याच्या जागा किती स्पष्ट आहेत यावर सारे अवलंबून असते.

त्या शिक्षिकेला आम्ही शेवटी असे कळवले : नावांच्या याद्या, हजेरी आणि गुण अ‍ॅपकडून वाचून घ्यायचे असतील तर ते सुट्या अक्षरांत, चौकटींत लिहून घ्या आणि तरीही अंक पडताळून पाहा. कर्सिव्ह निबंधाचे वाचन कच्चा मसुदा समजून मूळ पानाशेजारी ठेवूनच वापरा. आणि मुलाच्या स्पेलिंगला गुण द्यायचे असतील तर अ‍ॅप बाजूला ठेवून वही उघडा.